डॉलरचा भाव मी बांधला

मी माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं. खोटं बोलून नाही; शहाणपणाच्या तोऱ्यात.

ती नांदेडला शिक्षिका. मुलीला दोन वर्षांनी अमेरिकेत शिकायला पाठवायचं म्हणून साठवलेले पैसे तिला अमेरिकी शेअरच्या फंडात टाकायचे होते. मी लातूरच्या मोंढ्यातला, डाळीच्या बाजारात वाढलेला. साहजिकच सल्लागाराकडे मी सोबत गेलो.

सल्लागार म्हणाला, "हेज न केलेलाच, म्हणजे डॉलरचा भाव आधी न बांधलेलाच घ्या. रुपया पडला तर फंडाची किंमत रुपयात वाढते. मुलीची कॉलेजची फीही डॉलरमध्येच भरायची आहे."

"आणि रुपया वधारला तर?"

"मग फंड रुपयात कमी दिसेल, पण फीसुद्धा रुपयात स्वस्त होईल."

"ही सट्टेबाजी झाली! मला हेज केलेला दाखव."

"शेठ, तसा फंड आपल्याकडे क्वचित मिळतो. हेज म्हणजे फंडवाले पुढच्या तारखेचे डॉलर आजच ठरलेल्या दराने विकून ठेवतात. दर आजच्यापेक्षा थोडा चढा मिळतो, तेवढंच. रुपया त्याहून जास्त पडला, तर वरचा फायदा हातचा गेला."

"शोधून काढ. नाहीतर दुसरीकडं जातो. आणि कमिशन कमी कर."

बहीण हळूच म्हणाली, "दादा, ते सांगून राहिलेत तर..."

"तू फळा-खडू बघ. तुला काय कळतंय?"

सल्लागारानं कुठूनसा तसा फंड शोधला, बहिणीनं सही केली. कमिशन घटवल्याच्या आनंदात मी लातूरला परतलो.

दोन वर्षांत बाजार चांगला चढला. फंडही वाढला. पण रुपया त्या चढ्या दराच्याही पलीकडे पडला, आणि व्हिसासाठी दाखवायची पहिल्या वर्षाची रक्कम भरेना. हेज न केलेल्या फंडात ती भरली असती.

भाची फोनवर म्हणाली, "मामा, मी एक वर्ष थांबते. काही नाही होत."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोंढ्यात मी तुरीचा भाव आधी बांधतो, कारण डाळ मला विकायची असते. ज्याला तूरच लागणार आहे, तो आपली तूर आधीच विकून मोकळा होईल का? माझी बहीण डॉलरचं गिऱ्हाईक, आणि मी तिच्या नावानं डॉलर विकायला लावले. खर्च रुपयातच असता, लवकर करायचा असता, तर माझ्या हट्टाला अर्थ होता. एवढा साधा हिशोब मला, मोंढ्यातल्या माणसाला, उमगला नाही.

परवा सल्लागाराकडे जाऊन आलो.

"शेठ, मी सांगितलं होतं. तुम्ही ओरडलात."

ओरडलो. मान्य. बहिणीपुढं मान खाली घालून उभा राहिलो, तिच्या पोरीच्या वर्षाचा जाब मी देतोय. पण सल्लागारा, पैसा तिचा होता, माझा नव्हता. सही तिनं केली, तेव्हा तिच्याकडे वळून "बाई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" एवढं एक वाक्य तू का विचारलं नाहीस? याचा जाब तू दे. मला नको, तिला दे.