अंदाजानं लिहिलेली वयं

वरवट बकालच्या मुलींच्या शाळेत मी एकटीच मास्तरीण होते. नाव घालायला आलेल्या बापाला मुलीचं वय विचारलं की तो माझ्याकडेच बघायचा. "लिहा नं बाई, काय वाटते ते." मग मी मुलीला दाराशी उभी करायची. कडीला डोकं लागलं तर सात, वर गेलं तर आठ. या नजरेचा मला भारी तोरा होता.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. बुलढाण्याहून एक डॉक्टरीणबाई शाळा तपासायला आल्या. वयाच्या मानानं खुज्या निघतील त्या मुलींना शाळेतच रोज चमचाभर माशाचं तेल मिळणार होतं. बाटल्या मोजक्याच होत्या. भिंतीला फूटपट्टी ठोकून त्यांनी सगळ्यांची उंची घेतली आणि माझ्या रजिस्टरातल्या वयांशी ताडून पाहिली. खुजी एकही नव्हती.

मी मनातून फुलले. डॉक्टरीणबाई मात्र रजिस्टर पुन्हा चाळू लागल्या. मुलांच्या शाळेत एकाच वयाची पोरं उंच-बुटकी अशी दोन्ही सापडली होती, इथे प्रत्येक मुलगी वयाला बेतल्यासारखी कशी, असं त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पहिल्या मुलीला तोंड उघडायला लावलं, मग दुसरीला, मग तिसरीला. मलाही वाकून बघायला सांगितलं. ओठांच्या आत दुधाचे दात जवळजवळ नव्हतेच. मागे रुंद, पक्क्या दाढा होत्या. पोट उपाशी राहिलं की उंची थांबते, पण दात बरेचसे आपल्या वेळेवरच येतात, असं त्या म्हणाल्या. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. ज्यांना मी बोट धरून मुळाक्षरं गिरवायला लावत होते, त्या लहानग्या चेहऱ्यांआड कुणी मोठ्या मुली इतके दिवस गप्प बसून होत्या.

"वयं कोणी लिहिली?" त्यांनी विचारलं. मला रागच आला. इथे पत्रिका घेऊन कोण येतं, असं मी फणकाऱ्यानं म्हटलं. पण आवाज माझा मलाच ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या ओट्यावर बसून आम्ही गावचं जन्माचं रजिस्टर काढलं. त्यात मुलांची नावं नसत, नुसती तारीख, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. एकेक मुलगी सापडत गेली तशी माझ्या वहीतल्या वयापेक्षा दोन वर्षांनी, कुठे तीन वर्षांनी मोठी निघत गेली. एका पानावर एकाच बापाच्या, एकाच तारखेच्या दोन ओळी होत्या. वरची मुलगा, खालची मुलगी. ही मुलगी माझ्या वहीत आठ वर्षांची होती. तिला शाळेत सोडायला येणाऱ्या भावाला ती दादा म्हणायची. तिचं डोकं त्याच्या ओठांपर्यंत जेमतेम पोचायचं. दोघंही अकरा वर्षांची होती. या वयात मुली उलट उंचीत मुलांच्या थोड्या पुढेच असतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

मी तिच्या घरी गेले तेव्हा बाप आणि मुलगा जेवत होते. मुलाच्या ताटात दुधात चुरलेली भाकर होती, वर तुपाची धार. ते उठल्यावर मायलेकी बसल्या. वरणाचं पातेलं खरवडून आईनं मुलीला वाढलं आणि स्वतःला त्याहून कमी घेतलं. बाईचं मन वाईट नव्हतं हो, म्हणून तर जास्त भीती वाटली. जुळ्यांचं मी विचारलं.

"एकाच दिवशीचे हायेत," ती म्हणाली. "पण तिचा जीव लहान. तिले कमीच लागते."

कमी मिळालं म्हणून लहान, आणि लहान म्हणून कमी. मीही तेच केलं होतं, लहान दिसली म्हणून वय कमी केलं. घरच्यांनी निदान भाकरीच कमी केली होती, मी तर तिची तीन वर्षंच काढून घेतली, आणि तेलाच्या यादीतून तिचं नाव जायची वेळ आणली.

लाल शाईनं मी सगळ्यांची वयं दुरुस्त केली. यादीत इतरांबरोबर तिचंही नाव चढलं. पहिला चमचा भरताना मी तिला सांगितलं, की तू आठची नाहीस, अकराची आहेस, दादाच्याच दिवशीची.

तिनं चमच्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर चाललेल्या भावाकडे.

"मंग माह्या वाटचं कुठी गेलं, बाई?"

मी चमचा पुढे केला. त्या उग्र वासाच्या तेलाला बाकीच्या मुली तोंड वाकडं करत. तिनं ते पिऊन चमचा दोन्ही बाजूंनी चाटला, आणि माझ्या हातात पुसल्यासारखा कोरडा परत दिला.