केसांमागचा उजेड

खर्ड्याच्या बाजारपेठेत भीमराजचा फोटो स्टुडिओ आहे. दुकान एका खणाचं, आत एक स्टूल, दोन लाईट आणि लाकडी दांडीला गुंडाळलेले तीन पडदे. तीस वर्षांत आसपासच्या गावांतल्या किती मुली त्या स्टुलावर बसून उजवल्या, याची त्याच्याकडे मोजदाद नव्हती, पण तोरा होता. मुलगी आत आली की तो तिच्याकडे बैलाच्या दातांकडं बघावं तसा बघायचा. "हनुवटी खाली. हसू नको, हिरड्या दिसत्यात. रंगाचं टेन्शन घेऊ नको, ते माझ्याकडं लागलं." आणि खरंच लागायचं. लाईट कुठून मारला की सावळा गाल गव्हाळ होतो आणि गव्हाळ गोरा, हे त्याच्या हाताला माहीत होतं. मुली गप्प बसायच्या. बाहेर गेल्यावर कुणी रडलं तर ते त्याच्या कानापर्यंत यायचं नाही.

सहादेवअण्णा त्याच्या दुकानात आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या नाहीत आणि स्टुलावर बसलेही नाहीत.

"भीमराज, आमच्या पंकजाला चाई पडलीय का रं?"

"कोण म्हणतं?"

"पुण्याची बाई म्हणती. पोराची आत्या. तू तिचे बारावीचे फोटो काढलेस. सांग."

पंकजा त्यांची एकुलती एक मुलगी. फार्मसी शिकलेली, जामखेडला मेडिकल दुकानात कामाला. तिच्यासाठी हर्षल नावाचं स्थळ आलं होतं. पोरगा जर्मनीत, आईबाप नाहीत, वाढवलं आत्यानं. त्यामुळं बघायचा कार्यक्रम मोबाईलवर ठरला. घराच्या पुढच्या खोलीत कांद्याच्या गोण्या रचलेल्या, भिंतीला गडद निळा ऑईलपेंट. पंकजाचा भाऊ ओंकार शहाणा. त्यानं व्हिडिओ कॉलमध्ये मागं खोटं चित्र लावलं, सोफा आणि झुंबर असलेला दिवाणखाना. संध्याकाळची वेळ, डोक्यावर एकच ट्यूबलाईट, वर पंखा फुल. पंकजानं गुडघ्यापर्यंतचे केस आत्याला दिसावेत म्हणून मोकळे सोडलेले. ती हलली की कानावरचा केसांचा पुंजका गायब व्हायचा आणि तिथं झुंबर दिसायचं. खांदा पुढं केला की खांद्याचा तुकडा सोफ्यात जायचा. आत्यानं सगळं बघितलं, चहा करता येतो का विचारलं, कॉल ठेवला आणि मध्यस्थाला फोन केला : पोरीच्या डोक्याला चाई आहे, चट्ट्याचे केस गेलेत, टोप लावलाय, खांद्यातही काहीतरी दोष आहे. आठ दिवसांत ही बातमी सोयऱ्यांत कर्जतपर्यंत पोचली. पंकजा मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिली की ओळखीच्या बायका गोळ्या घेताना तिच्या भांगाकडं बघायच्या.

"अण्णा, चाई न्हाई काही न्हाई," भीमराज म्हणाला. "मोबाईलला अंदाजानं ठरवावं लागतं, माणूस कुठं संपला आन् भिंत कुठं सुरू झाली. काळे केस, काळपट भिंत, उजेड मेलेला, वरून पंख्यानं केस उडत्यात. त्याला काय कळतंय? कापतंय मग."

"मग त्या बाईला दाखव. रविवारी परत कॉल हाय. त्यांनी एकच संधी दिलीय."

रविवारी भीमराज पडदा, दोन लाईट आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन गेला. इतक्या वर्षांत या घरानं त्याला ओसरीच्या पुढं बोलावलं नव्हतं. आज मालनबाईंनी, पंकजाच्या आईनं, स्वतः दार उघडलं आणि तो आत शिरला त्या वाटेकडं जरा वेळ बघत राहिल्या.

त्यानं गोण्या हलवायला लावल्या. भिंतीपुढं फिकट राखाडी पडदा बांधला, इस्त्री केलेला, सुरकुती नाही. पंकजाची खुर्ची पडद्यापासून चार-पाच फूट पुढं घेतली. खिडकीला पोतं लावलं. पंखा बंद. मोठा लाईट मोबाईलच्या शेजारी, जरा वर, पुढं ट्रेसिंग पेपर, म्हणजे उजेड मऊ पडेल. छोटा लाईट मागं बाजूला, केसांच्या कडेवर. ओंकारनं आधी खोटा दिवाणखाना लावून बघितला. खांदा आता कापत नव्हता, कानही जागेवर राहिला. फक्त केसांची सुटी टोकं अधूनमधून विझायची.

"आता चालतंय की," ओंकार म्हणाला.

"एक केस जरी विझला तरी ती बाई कर्जतला फोन करंल. काढ ते झुंबर. खरा पडदाच दिसू दे."

पंकजा हे सगळं ऐकत खुर्चीवर बसली होती. भीमराजनं सवयीनं तिची हनुवटी खाली करायला बोट पुढं केलं. तिनं त्याआधीच खाली केली.

"रंगाचं टेन्शन घेऊ नको," तो म्हणाला.

"मी घेतलंच न्हाई मामा. तुमीच घेताय सगळे."

चारला कॉल लागला. वर एका चौकोनात आत्या, चष्मा, मागं देवघर. दुसऱ्या चौकोनात हर्षल. त्याच्या मागं बर्फाचे डोंगर होते, खोटेच. तो मान हलवायचा तसा त्याचा डावा कान डोंगरात जायचा आणि परत यायचा. त्याच्या कानाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

"हां, आज स्वच्छ दिसतंय," आत्या म्हणाल्या. "मुली, जरा ऊठ बघू. वळ. वेणी सोड."

पंकजानं वेणी सोडली.

"भांग पाड मधून. वाक. अजून वाक. आई कुठंय? आई, तुम्ही स्वतः केस बाजूला करून दाखवा, डावीकडं. तिथंच होतं ते."

मालनबाईंनी लेकीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि बोटांनी केस फाकले, उवा बघताना फाकतात तसे. "बघा ताई, भरगच्च हाय."

"ओढून बघा. टोप असेल तर येईल."

मालनबाईंनी लेकीकडं बघितलं नाही. नवऱ्याकडं बघितलं. सहादेवअण्णांनी मान डोलावली. मालनबाईंनी केस ओढले. पंकजाचं डोकं मागं गेलं आणि पुढं आलं.

"जोरात ओढलं का? मला इथून कळत नाही."

त्यांनी परत ओढले.

"आत्या, बास की," डोंगरातून हर्षल म्हणाला.

"तू गप. तुला मागाहून रडायचंय का? बरं, खरे आहेत. पण विरळ वाटतात मला. ते फोटोवाले आहेत ना तिथं? अहो, तो मोठा उजेड मागून धरा बघू. आरपार किती येतो ते दिसेल. मुली, पाठ कर इकडं."

भीमराजला ही गोष्ट पटली. कामाचं बोलणं होतं. केस दाट की विरळ हे मागून उजेड धरल्यावरच कळतं, त्यानंही असंच केलं असतं. त्यानं मोठा लाईट उचलला आणि मोबाईलच्या नजरेबाहेरून, बाजूनं, पडद्यापुढं येऊन तिच्यामागं उभा राहिला. पंकजानं मोबाईलकडं पाठ केली. आता तिचं तोंड त्याच्याकडं होतं, हातभर अंतरावर, आणि त्याच्याच लाईटचा सगळा उजेड त्या तोंडावर होता.

तीस वर्षांत त्यानं इतक्या उजेडात कुणाचं तोंड असं बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, पण काचेतून. डोळे कोरडे होते. खालचा ओठ तिनं दातांत धरला होता आणि तिथं पांढरा ठिपका पडला होता. कपाळावर आईच्या नखाचा ओरखडा उमटत होता.

"दाट आहेत हो," मागून आत्या म्हणत होत्या, मोठ्यानं, देवघराकडं कुणाला तरी बोलावत. "सुनंदा, ये बघायला! दाट आहेत."

"मामा," पंकजा ओठ न हलवता बोलली. "लाईट हितंच राहू द्या. पुढं नेऊ नका."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. ती वळली तर पाठीमागं झगझगीत उजेड असणार आणि पुढं काहीच नाही. मोबाईल त्या उजेडाला घाबरून सगळं चित्र दाबणार, आणि तिचा चेहरा कोळशासारखा दिसणार. हे टाळायलाच तर त्याला बोलावलं होतं.

"वळ बघू आता," आत्या म्हणाल्या.

ती वळली. भीमराजचे हात पुढं जायला निघाले होते. ते त्यानं थांबवले.

मोबाईलपाशी उभ्या असलेल्या ओंकारनं स्क्रीन बघितली आणि हातानं खुणा करायला सुरुवात केली. सहादेवअण्णा दातओठ खात "पुढं, पुढं" पुटपुटले. भीमराज खांब झाला होता. मनात किती मोजलं ते त्याला आठवत नाही. आठ असेल, दहा असेल. मग अण्णा अंगावर यायला निघाले तेव्हा तो हलला आणि लाईट पुढं नेऊन ठेवला. पंकजाचं तोंड परत उजळलं.

तिथंच सगळं संपलं. आधीच्या अंधारापेक्षा या उजळण्यानं जास्त घात केला.

"असं होय," आत्या हळू म्हणाल्या. "म्हणजे लाईट आहे तोवर गोरी. काढला की ही अशी. अहो, तुम्ही केसांचं दाखवायला बोलावलंत का आम्हाला फसवायला? आमच्या हर्षलचा रंग बघितलात ना?"

"ताई, मागून उजेड असल्यावर कुणीबी..." ओंकार बोलायला लागला.

हर्षलचा चौकोन आधी गेला. मग देवघर गेलं.

सहादेवअण्णांनी भीमराजच्या सदऱ्याला हात घातला, मग काय आठवलं कोण जाणे, हात काढून धोतराला पुसला.

"मुद्दाम केलंस का रं? पुढं आन म्हणलं तर ऐकू येत न्हाई? घरात घेतला तिथंच चुकलं आमचं."

"ओसरीवर बसवायचं ते आत आणलं," मालनबाई म्हणाल्या. "आता भोगा."

भीमराजनं पंकजाकडं बघितलं. एक वाक्य होतं त्याच्याकडं. ते बोललं की तो सुटला असता आणि तिचं काय झालं असतं ते त्याला त्या खोलीतल्या सगळ्यांच्या हातांकडं बघून कळत होतं. तरी ते वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं, हे खोटं नाही.

तीच आधी बोलली. केस गुंडाळत, त्याच्याकडं न बघता.

"त्यांना लाईट धरताच आला न्हाई, आई. हात कापत हुते त्यांचे. वय झालं आता."

"व्हय," भीमराज म्हणाला. "चुकलं माझं."

त्यानं पडदा सोडला, दांडीला गुंडाळला. कुणी हात लावला नाही.

घरी विमलबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "गावात म्हणत्यात तू पोरगी काळी केलीस. खरं?"

"हूं."

"माझा लग्नातला फोटो तर पांढराफटक केलतास. मला वळखना कोणी." ती भाकरी थापत राहिली. "तवा जमलं, आता जमंना व्हय?"

त्यानं तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बाजारात भांडली असती.

लग्नाळू मुली आता जामखेडला जाऊन फोटो काढतात. भीमराजकडं आधार कार्डाचे आणि मयताचे येतात. पंकजा रोज सकाळी स्टुडिओसमोरून एसटी धरते. परवा तो दार झाडत होता तेव्हा थांब्यावर ती आणि दोन बायका उभ्या होत्या. त्याचा हात आपसूक वर गेला.

"ह्योच का गं तो?" एकीनं विचारलं.

"ह्योच," पंकजा म्हणाली, त्याला ऐकू जाईल एवढ्यानं. "लाईट धरता येईना आन् निघाला हुता लगीन जमवायला."

बायका हसल्या. तीही हसली, त्यांच्यापेक्षा जरा जास्त. भीमराजनं हात खाली घेतला. त्या घरात राहायचं तर हे तिला रोज म्हणावं लागणार होतं, आणि म्हणताना ती अडखळत नव्हती. एसटी आली, ती चढली, खिडकीशी बसली आणि दुसरीकडं बघत राहिली.