धनीबाईंच्या नावाची पट्टी

मेहरूणची हेमांगी तोंडाने फटकळ, आणि त्याची तिला लाजही नाही. जळगावच्या एका लोकल चॅनलवर ती बातम्या एडिट करते. त्याआधी ती लग्नांचे व्हिडिओ करायची. तिथे मानाच्या मामांचं नाव हुद्द्यासकट झळकलं नाही, तर अख्खं वऱ्हाड अंगावर यायचं. माणसाचं नाव गाळायचं नसतं, हे तिथेच तिच्या अंगात मुरलं.

त्या दुपारी चोपड्याकडचं शूटिंग आलं. उंबरपाणीच्या धनीबाई वणव्याविषयी बोलल्या आणि शेवटी कॅमेरामनला म्हणाल्या, "मनं पुरं नाव लिखजो, भाऊ. मांगे नुसतं 'आदिवासी महिला' लिखेल व्हतं."

हेमांगीने पडद्यावर झळकायची नावाची पट्टी लिहिली. वर 'धनीबाई सुकलाल पावरा', खाली 'अध्यक्ष, सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती, उंबरपाणी'. चॅनलचा फॉन्ट जाडजूड, ऐसपैस. खालची ओळ सेफ एरियाच्या, म्हणजे हरेक टीव्हीवर हमखास दिसणाऱ्या भागाच्या, रेघेबाहेर पळाली. जुने टीव्ही कडा कापतात, म्हणजे गावाचंच नाव गुल!

"'ग्रामस्थ' टाक आणि मोकळी हो," मालक हितेंद्र मागून म्हणाला. "जागा कुठंय?"

"लीलाधरभाऊंच्या पदांना बरी तीन ओळी देता!"

"ते नेते आहेत."

इथे तिसरी ओळ घातली तर धनीबाईंची हनुवटी झाकत होती. हेमांगीने अक्षर लहान केलं, तर मात्रा दिसेनात. आडवं दाबलं, तर उभ्या रेघा बारीक पडल्या आणि जोडाक्षरांचा चेंदामेंदा झाला. मग तिने मुळातच अरुंद काढलेला कंडेन्स्ड फॉन्ट शोधला. रेघा ठसठशीत, अक्षरांच्या पोटात मोकळी जागा. दोन्ही ओळी रेघेच्या आत बसल्या, खाली सरकत्या बातम्यांनाही लागल्या नाहीत.

ऑफिसातल्या जुन्या टीव्हीवर तिने लावून दाखवलं. एकही काना कापला गेला नव्हता.

हितेंद्रने पट्टीवर बोट ठेवलं. "काढ ती. लीलाधरभाऊंच्या बरोबरीची दिसते."

म्हणजे जागेचं नुसतं निमित्त होतं. हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दिसू द्या की! बदलायची तर तुम्ही बदला, मी हात लावणार नाही."

ती खुर्ची सोडून उठली. हितेंद्र बसला, माऊस धरला, पण जागेची सबब संपल्यावर तिच्यासमोर 'ग्रामस्थ' लिहायला तो धजेना. बातम्यांची वेळ झाली आणि पट्टी होती तशी गेली.

बातमी संपते न संपते तोच लीलाधरभाऊंचा फोन, त्या बाईला माझ्या बरोबरीची पट्टी कशी म्हणून. हितेंद्रने तो तिच्यापुढे धरला. "घे, तूच निस्तर."

"भाऊ," हेमांगी म्हणाली, "तुमच्या नावातलं एक अक्षर तरी कापलं का आम्ही?"

"नाही."

"मग त्यांचं का कापू?"