रुमालाखालचा हात

अमरावतीच्या कापूस बाजारात मी दलाल होतो. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवत. बघ्यांना फक्त रुमाल हललेला दिसे. मला मात्र त्या हातांतून आकड्यापलीकडचं कळतं, अशी माझी घमेंड होती. कोरडा, गच्च धरणारा हात म्हणजे तेजी. ओला, चाचरणारा हात म्हणजे मंदी. लोक मुंबईची पत्रं वाचत, मी हात वाचत असे.

अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशाने मुंबईत शेअरांचं वेड पसरलं आणि ते आमच्यापर्यंत यायला वेळ लागला नाही.

अकोल्याचा एक म्हातारा गाडीवान वर्षानुवर्षे माझ्या सौद्यांचा कापूस वाहत असे. रेल्वेचे रूळ अकोल्याकडे सरकताना पाहून त्याने ओळखलं की आता गाड्यांचे दिवस भरले. चांगला भाव येतोय तोवर त्याने बैल विकून टाकले. आमच्या सगळ्यांत शहाणा तोच. त्या पैशावर त्याचं म्हातारपण आणि लेकाचा संसार चालायचा होता. तो पैसा त्याने विश्वासाने माझ्या हाती दिला आणि मी तो शेअरांत घातला. कंपनी कापसाच्या गाठी दाबण्याचे पेच चालवणारी होती, हवेतली नव्हती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. माझेही पैसे तिथेच होते.

काही महिन्यांत शेअर तिप्पट झाला. पेच होते तेवढेच होते, गाठीही जवळपास तेवढ्याच. काल घेणाऱ्याला आज नफा झाला, ते बघून आज दुसरा घेई, त्याचं बघून उद्या तिसरा. हिवाळ्यात तहाची आवई उठली, तेव्हा कापूस घसरला, शेअरही घसरले. तह काही झाला नाही, आणि दोन्ही पुन्हा वर गेले. घाबरून विकणाऱ्यांना आम्ही महिनाभर हसलो. त्या हसण्यानेच आमचा घात केला.

उन्हाळ्यात खरी बातमी आली. गाडीवान भर उन्हात माझ्या बैठकीवर आला.

"भाऊ, लढाई सरली म्हणतेत. काढून टाकू का?"

"काहून घाबरून राहिले, चाचा? मागच्या खेपेलेई असंच झालं होतं. बाजारात कोनी शेअर सोडून नाई राहिलं."

हे खोटं नव्हतं. त्या आठवड्यात सगळ्यांचे हात कोरडे होते. काय घडलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कालच्यापेक्षा कमी भावाने आधी कोण विकणार?

म्हाताऱ्याने खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. इतकी वर्षं आमचे सौदे बघत आला होता. "मंग दाबून सांग," म्हणाला. मी त्याची बोटं गच्च दाबली. तो उठून गेला.

पुढे मुंबईची पत्रं एकेका ओळीची येऊ लागली: घेणारा नाही. हवेतल्या कंपन्या आधी बुडाल्या. ज्यांनी शेअर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं, त्यांना हाताला लागेल ते विकावं लागलं आणि त्यात चांगलंही मातीमोल झालं. आमचा शेअर तर पेचांच्या लोखंडाच्या किमतीखाली आला. खरं तर धरून ठेवायची वेळ तेव्हा होती. पण आता बाजारात एकही हात कोरडा नव्हता, आणि मला हातांपलीकडे काही वाचता येत नव्हतं. मिळेल त्या भावाने विका, असं मी मुंबईला कळवलं. म्हाताऱ्याला विचारलंदेखील नाही. ज्याने ते शेअर घेतले, तो पुढे वर्षानुवर्षे नफा खात बसला, कारण पेच चालूच होते. त्याचा मला राग येतो. माझा त्याहून जास्त येतो.

अकोल्याला रेल्वे आली. स्टेशनवर गाठी चढवणाऱ्या हमालांत मला तो म्हातारा दिसला, शेजारी त्याचा लेक. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यानेच हाक मारली, पाणी दिलं, पोराबाळांची विचारपूस केली. मग म्हणाला,

"भाऊ, एक इचारू? त्या दिवशी रुमालाखाली तुहा हात ओला लागला होता मले. मी म्हनलं, उनाचा घाम असन."

"उनाचाच होता, चाचा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि वाकून पुढच्या गाठीला हात घातला.