गाडी आली की गोळी

टोकावड्याच्या ढाब्यावर धोंडाबाईंचं घड्याळ म्हणजे घाटाकडे जाणारी सकाळची एसटी. ती थांबली की त्या नवऱ्याला फिटची गोळी देत. गेल्या महिन्यात एकदा गाडी आलीच नाही, गोळी राहिली, आणि बाळाराम चुलीपाशीच फिट येऊन पडला. तेव्हापासून धोंडाबाईंनी धास्तीच घेतली.

सून अंजूने फोन पुढे धरला. "आई, बोला याच्याशी."

पलीकडच्या पाड्याला हाक मारावी तशा धोंडाबाई ओरडल्या, "बाय गो, रोज गाडी आली का ह्यांच्या गोळीची आठवण कर!"

फोन गोड आवाजात म्हणाला, "किती वाजता आठवण करून देऊ?"

"आता गो! गाडीला काय टाइम असतो?"

"गाडीचं सोडा, घड्याळाचं सांगा," अंजू हसू दाबत म्हणाली.

"बरं, रोज सकाळी आठला."

"ठीक आहे, रोज सकाळी आठ वाजता आठवण करून देईन."

आज गाडीचा पुन्हा पत्ता नव्हता. धोंडाबाईंचे हात भाकरीच्या पिठात, डोळे रस्त्याकडे. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी पिठाच्या हातानेच गोळी दिली. बाळारामने ती गिळली, तशा त्या पाटावर टेकल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "आता गाडी नाय आली तरी चालंल."