आजची केळी, परवाची केळी

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात संध्याकाळी सहा वाजता एका खांबाला टेकून सात-आठ माणसं उभी असायची. हातात रिकामी पिशवी आणि नजर भलतीकडे. कुणी आभाळ बघतोय, कुणी चपलेचा पट्टा. कुणाचीच वाट बघत नाही असं तोंड करून ती सगळी एकाच गोष्टीची वाट बघायची. अनुसया कधी एकदा "अर्ध्यान घेवा!" म्हणून ओरडते, याची.

मला ठाऊक, कारण माझी बसायची जागा तिच्या डाव्या हाताला. मी आमोण्याहून कोकमाची सोलं, चिंच आणि सुक्या मिरच्या घेऊन येते. माझ्या सोलांना मरण नाही. या बुधवारी नाही खपली तर पुढच्या बुधवारी तीच सोलं, तोच भाव आणि मीही तीच. केळ्याचं तसं नाही. केळं सकाळी नवरी, दुपारी लेकुरवाळी आणि संध्याकाळी माझ्यासारखं.

अनुसया मये गावची सून. सासऱ्याचं, बाबलीचं, कुळागर आहे, म्हणजे पोफळी-केळींची बाग. त्यात सालदाटी आणि रसबाळी केळी. बाजारात आधी तिची सासू बसायची. सासूचे गुडघे गेले, तशी दोन वर्षांमागे ही आली. पहिल्याच महिन्यात संध्याकाळी टोपलीभर केळी उरली. पोरगी हळवी. फुकट जाण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात जावीत म्हणून तिने सहा वाजता अर्धा भाव पुकारला. केळी झटक्यात गेली. ती हसत घरी गेली.

पुढच्या बुधवारी परत उरली, परत पुकारलं. मग माणसं शिकली. सकाळी येऊन केळी दाबून बघायची, भाव विचारायची, "सांजेक येतंय हां" म्हणून निघून जायची. त्यामुळे संध्याकाळी आणखी उरायची, आणि जितकी जास्त उरत तितका तिचा आवाज रडवेला होई. खांबाकडची माणसं वाढली. त्यात सगळ्यांत पुढे सगुण मास्तर. पेन्शनवाला माणूस, घड्याळ बघून उभा.

आता खरं सांगायचं तर मीही धुतल्या तांदळासारखी नव्हते. माझ्या सुनेला फोन करून मीच सांगितलेलं, "आता नको येव, सहाक ये."

शिमग्याला महिना होता तेव्हा बाबली स्वतः बाजारात आला. टोपलीत डोकावला, खांबाकडे बघितलं आणि म्हणाला, "शिमग्यापर्यंत बघतंय. मगे घड सगळे घाऊकवाल्याच्या गाडयेर. तू घराकडे ऱ्हव."

अनुसयेने मान खाली घातली. त्या दोन हात जागेवर तिचं सगळं होतं. घरात ती कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको. इथे माणसं तिला नावाने हाक मारायची.

त्यानंतरच्या बुधवारी तिने हट्ट धरला. एक पैसा उतरवला नाही. सहा वाजले, सात वाजले. खांबाकडची माणसं आधी हसली, मग रागावली. मास्तर म्हणाले, "अगो, तू आमका फशीवतस!" जसं काही अर्धा भाव हा त्यांचा वडिलोपार्जित हक्क. अर्ध्याअधिक टोपल्या तशाच मयेला परत गेल्या आणि गायीने खाल्ल्या. बाबली काय बोलला असेल ते मी ऐकलं नाही, पण पुढच्या बुधवारी पोरीचे डोळे सुजलेले होते.

त्याच दिवशी दुपारी एक बाई भांडायला आली. मागच्या बुधवारी तिने डझनभर केळी नेली होती, शनिवारी घरात सत्यनारायण होता. "शनिवारी बघतंय तर काळी ठिक्कर! प्रसादाक घालू कशी?" अर्धा बाजार गोळा झाला. तेवढ्यात बाजूने केरबा आला. हा कोल्हापूरकडचा, पलीकडे इमारतीचं काम चालू आहे तिथला मुकादम. त्याने सरळ ठिपकेवाली केळी उचलली, जी सकाळपासून सगळ्यांनी दाबून बाजूला टाकलेली.

ती भांडणारी बाई म्हणाली, "ती पिकून गेली हत, घेव नको!"

केरबा म्हणाला, "मावशी, आमाला काय लोणचं घालायचंय? आठ गडी बसल्यात, आत्ता खाऊन मोकळं. असलीच गोड असत्यात!"

अनुसया त्या बाईकडे बघत राहिली, मग केरबाकडे. किती तरी वेळ. मी म्हटलं, पोरगी गेली कामातून. मग तिने त्या बाईला विचारलं, "तुमी माका कधी सांगितलात, शनिवारी व्हयी म्हणान?"

"तू विचारलंस खंय?"

बस्स. एवढंच घडलं. यातून कुणी काही काढेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी तिच्यासमोर तीन टोपल्या. एकीत ठिपकेवाली, देठ सैल झालेली, एकीत पिवळीधमक, एकीत हिरव्या टोकाची, अजून सालीच्या कडा उठून दिसणारी. गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी ही विचारायची, "कधी खातलात?"

माणूस गोंधळायचा. केळी कधी खाणार हे आपल्याला आजवर कुणी विचारलंय? "उद्या सकाळी" म्हटलं की पिवळी, डझनाला ऐंशी. "शुक्रवारी उपास" म्हटलं की हिरव्या टोकाची, तीही ऐंशी. "आत्ताच" म्हटलं की ठिपकेवाली, साठ. आणि ही साठची सकाळी आठपासून साठ. एका माणसाला एकच डझन, आणि संपली की संपली.

मी हळूच म्हटलं, "गो, सकाळीच उतरवलंस? सांजेक काय करशीत?"

"आये, ती उतरवलेली नाय. ती आजची. आज खाणाऱ्याक तेवढीच किंमत." आणि हसली. "सहा वाजता त्या टोपलीत काय उरतला ता माकाच ठावूक नाय. मगे ते खांबाकडचे कशाक थांबतीत?"

मी मिरच्या निवडायची थांबले. चाळीस वर्षं बाजारात बसते, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नाही. आणि तिचे डोळे! केळ्याला हातही न लावता, नुसता देठ आणि कडा बघून सांगायची, हे उद्या दुपारचं, हे परवा सकाळचं. मी पारखायला दोन घरी नेली. एक उद्याचं म्हणाली ते उद्याच पिकलं, परवाचं ते परवाच. मी सुनेला म्हटलं, ही पोरगी केळ्यांशी बोलते की काय.

बाबलीलाही तिने सांगितलं होतं, सगळे घड एकाच दिवशी कापू नका. दोन शुक्रवारी, दोन रविवारी कापा, म्हणजे बुधवारी पुढेमागे पिकलेली येतील. बाबली कुरकुरला, पण कापले तसे. हिरव्या टोकाची उरली तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जायची, त्याची काळजी नव्हती. घोर होता तो फक्त ठिपकेवाल्यांचा.

आणि शिमग्याच्या आदल्या बुधवारी नेमकी तीच उरली. मोठं ऊन पडलेलं, सगळं एकदम पिकलेलं. साडेपाचला बघते तर पाच डझन. बाबली येऊन माझ्या बाकड्यावर बसला. खांब पुन्हा भरलेला. माणसांना वास लागतो.

सहा वाजले. अनुसयेने अर्धा भाव पुकारला नाही.

सगुण मास्तर पुढे आले. "चल गो, सगळी घेतंय. पाचय डझन. डझनाक तीसान. तुझा वझा हलका."

पाच डझन एका माणसाच्या घरात! मास्तरांच्या घरी ते आणि मास्तरीण. पण रोख पैसे हातात होते आणि केळी डोळ्यांदेखत काळी पडत होती. बाबली पुटपुटला, "दी गो. दी आणि मोकळी हो."

मीसुद्धा म्हटलं, "दी बाये."

अनुसया उठली. टोपलीवर ओलं गोणपाट घातलं आणि म्हणाली, "मास्तर, आजची केळी बंद झाली. उद्याची हत, ऐंशीन."

"आणि ह्या टोपलीचा काय करतलंस? गायीक?"

"ता माझा काम."

टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली. बाबली तोंड उघडं टाकून बघत राहिला, मग उठून मागे गेला, आणि त्याच्या मागे मी. सोलं कोण नेतो माझी!

बाजाराच्या मागच्या गल्लीत सुमनचं चहाचं दुकान. सकाळी तिथे बन्स आणि पातळ भाजी खायला रांग लागते. बन्सच्या, म्हणजे केळ्याच्या फुगीर पुऱ्यांच्या, पिठाला काळं पडत आलेलं केळंच लागतं. पिवळं घातलं तर गोडवा येत नाही. सुमनने काटा काढला, केळी सोलून नुसता गर तोलला आणि किलोच्या हिशेबाने पैसे मोजले. कमीच होते, मास्तर देत होते त्याहून कमी.

बाबली उसळला, "मगे मास्तराक कित्या नाय दिलीस?"

अनुसया पदराने कपाळ पुसत म्हणाली, "मामा, मास्तराक तीसान दिली तर पुढच्या बुधवारी खांबाकडे वीस माणसा. सुमनताय खांबाकडे उभी ऱ्हवणा नाय. हिका ऐंशीची केळी कधी नकोच होती. हय दिलेला थय खांबाकडे कळणा नाय."

सुमन पीठ मळायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दर बुधवारी दी गो. माका मिळत नाय काळी. सगळे पिवळीच विकूक बसतत."

आम्ही परत आलो तर मास्तर अजून टोपल्यांपाशीच होते, चेहरा चिंचेसारखा. मी हळूच म्हटलं, "मास्तर, कधी खातलात?"

माझ्याकडे डोळे वटारले त्यांनी. मग भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "उद्या. नाष्ट्याक." अनुसयेने पिवळी फणी काढून दिली. ऐंशी रुपये मोजून ते गेले. खांबाकडची बाकीची माणसं एकेक करून पांगली. दोघं घेऊन गेली, बाकीची तोंड फिरवून.

तेवढ्यात बाबलीच्या खिशात फोन वाजला. घाऊकवाला होता, त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, गाडी कधी पाठवू म्हणून. बाबली सुनेकडे बघत होता. ती खाली बसून हिरव्या टोकाची केळी म्हापशासाठी केळीच्या सोपटात गुंडाळत होती, प्रत्येक फणी उलटसुलट बघून, घाई न करता.

"गाडी नको," बाबली म्हणाला. "माझ्या केळ्यांका गिऱ्हायका हत." फोन खिशात घातला, धोतर सावरलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. आयुष्यभर केळी पिकवलेला माणूस तो.

"गो अनुसये," तो म्हणाला, "ह्या शुक्रवारी किती घड कापू?"

"दोन. दगडाकडचे नको, ते लवकर पिकतत, ते रविवारी."

"बरा," म्हणाला तो.