भिंत माझी, बोर्ड घरमालकाचा

फ्रँकफर्टमधलं जुनं घर सोडताना आम्ही सगळ्या भिंती पांढऱ्या करून दिल्या. करारातच तसं होतं. युबरगाबेच्या दिवशी, म्हणजे किल्ल्या परत करताना, घरमालक भिंतीला नाक लावून बघतो. मुलीच्या खोलीतली, मी स्वतः रंगवलेली माझी भिंतही त्यात गेली. खाली पिकल्या आंब्याचा रंग, वर चढत चढत छताजवळ जेमतेम पिवळसर. पट्टा कुठेही दिसू नये म्हणून ओल्या रंगावर स्पंज फिरवून हात भरून आले होते.

आणि नेमकं त्यानंतर बालवाड्यांच्या भिंती रंगवणाऱ्या एका लहानशा कंपनीनं माझ्याकडे आधीचं काम बघायला मागितलं. मुलीसाठी नोकरी सोडून मी बरीच वर्षं घरी होते. हे काम मला हवं होतं, अगदी हट्टानं हवं होतं. भिंत गेली होती, हाती एकच फोटो होता. त्यात दिव्यांच्या बटणांचा बोर्ड, खाली सॉकेटांची रांग आणि इंटरनेटची लोंबती वायर. भिंतीपेक्षा वीजच जास्त दिसत होती.

मी फोनवरच्या ॲपनं बोर्ड पुसला. ॲपनं तिथे खालचा गडद रंग आणून थापला. कपाळावर बाम चोपडावा तसा डाग दिसायला लागला. मी चिडले आणि फोटो वहिनींकडे पाठवला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि घर विकणाऱ्यांचे, फर्निचरवाल्यांचे फोटो साफ करून देतात. बोलणं कमी, डोळे घारीचे. मी चहाला म्हणून गेले आणि त्यांच्या खुर्चीमागेच उभी राहिले.

त्यांनी फोटोचे दोन थर केले. खालच्या थरात नुसता रंग आणि उजेड, धूसर. वरच्यात भिंतीचा खरखरीतपणा. इथल्या भिंतींवर लाकडाच्या बारीक कपच्या घातलेला कागद असतो, तो दाण्यादाण्यानं दिसत होता.

"तुझा रंग वर-खाली बदलतो, म्हणून बोर्डाच्या डावी-उजवीकडून, त्याच उंचीचा रंग घ्यायचा," वहिनी म्हणाल्या. "खिडकी डावीकडे आहे, तेव्हा त्या बाजूला किंचित उजळ."

खालच्या थरात बोर्डाच्या जागी रंग असा भरला गेला की मी पापणीही हलवली नाही. मग वरच्या थरात दाणे. शेजारचेच उचलले तर जुळे दिसतात, म्हणून त्या लांबून, पण तितक्याच तिरप्या उजेडातून आणत होत्या. सॉकेटांची रांगही तशीच गेली, बोर्डाची बारीक सावलीसुद्धा काढली. वायर काढल्यावर तिच्यामागची, भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी जोडली. मधेच फोटो भडक काळा-पिवळा करून त्यात ठिगळं शोधली आणि परत मूळ रंगावर आणला. शेवटी सगळीकडे सारखे, रव्यासारखे बारीक ठिपके पेरले, नाहीतर गुळगुळीत रंगाचे पट्टे पडतात म्हणे.

मला कौतुक वाटलं आणि जरा हेवाही. मी आठवडाभर घाम गाळून रंगाचा जो उतार केला, तो वहिनींनी बसल्या जागी ओळखला होता.

सॉकेटं होती त्याच्या खाली माझ्या हातून झालेला रंगाचा एक ओघळ होता. "वहिनी, तेवढा काढा ना."

"नाही."

"अहो, एका क्लिकचं काम."

"बोर्ड घरमालकाचा होता, तो काढला. ओघळ तुझा आहे. आणि मूळ फोटोपण सोबत पाठवायचा."

मी भांडले. काम माझं जाणार होतं, त्यांचं नाही. त्या ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी मी दोन्ही फोटो रागारागानंच पाठवले.

कंपनीच्या बाईंनी बोलावलं. टेबलावर दोन्ही फोटो शेजारी ठेवलेले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट थेट ओघळावर.

"हा काढता आला असता," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या.

"हो. पण तो माझा आहे," मी म्हटलं. वहिनींचं वाक्य चोरलं आणि लाजही वाटली नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर. हा ठेवलात म्हणून वरचा उतार खरा आहे यावर माझा विश्वास बसला." मग त्यांनी साफ केलेला फोटो माझ्याकडे सरकवला. "पण बोर्ड नेमका कुठे होता?"

मी बोट ठेवलं. त्यांनी मूळ फोटो शेजारी धरला. भिंतीच्या मापानं मी चांगली वीतभर चुकले होते. रोज त्याच बटणावर हात जायचा माझा.

काम मिळालं. खाली रस्त्यावर येऊन मी वहिनींना फोन केला.

"ठिगळ दिसलं का त्यांना?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"नाही. काम मिळालं. आणि मलाच बोर्ड सापडला नाही, वहिनी," मी म्हटलं आणि तिथेच, ट्रामच्या थांब्यावर, मला रडू आलं.